बहात्तरच्या दुष्काळाची खूण डीएनएत सापडेल का?

बीड जिल्ह्यात आजही वयाचा हिशेब 'बहात्तरच्या दुष्काळाआधी' आणि 'दुष्काळानंतर' असा लावणारी माणसं भेटतात. १९७० ते १९७३ या सलग वर्षांत पावसानं दगा दिला आणि १९७२-७३ला कळस झाला. मे १९७३मध्ये महाराष्ट्रभर जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आष्टी-पाटोद्यापासून केज-अंबाजोगाईपर्यंतच्या कित्येक बायकांनी त्या उन्हात खडी फोडली, माती वाहिली, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली मिलो खाऊन दिवस काढले, आणि त्यातल्या काही तेव्हा गरोदर होत्या. त्यांच्या पोटी तेव्हा वाढलेली लेकरं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातल्या कुणाला साखर किंवा रक्तदाब जडला असेल, तर त्याचं एक मूळ आईच्या पोटातल्या त्या उपासमारीत आहे का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर डीएनएवर शोधण्याची एक पद्धतही आहे: बायसल्फाइट सिक्वेन्सिंग. ही पद्धत दोन गटांतला फरक अतिशय बारकाईनं दाखवते. पण तो फरक कशामुळे पडला, हे ती सांगत नाही. दुष्काळाची खूण म्हणून पुढे ठेवलेला फरक दुष्काळाचाच आहे हे ठरतं ते माणसं कशी निवडली आणि रक्तात नेमकं काय होतं यावरून. यंत्राच्या अचूकतेवरून ते ठरत नाही.

आधी मोजायचं काय ते पाहू. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी, म्हणजे सायटोसिन, याच्यावर कधी कधी एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा मेथिल गट चिकटलेला असतो. माणसात हे मुख्यत्वे तिथंच घडतं जिथं सीनंतर लगेच जी येतो. अशा जागेला सीपीजी म्हणतात आणि आपल्या जीनोममध्ये अशा सुमारे २.८ कोटी जागा आहेत. बहुतेक पेशींत त्यांतल्या सत्तर ते ऐंशी टक्के जागा मेथिल असलेल्या असतात. जनुकाचा मजकूर त्यानं बदलत नाही, पण एखादं जनुक कुठल्या पेशीत चालू राहावं आणि कुठं बंद, याच्याशी या खुणांचा संबंध असतो. मेथिल गट पेशीला आहारातून पुरवावा लागतो आणि तो पुरवणाऱ्या रासायनिक साखळीत फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ ते १९९६ या काळात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं गरोदर बायकांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी आढळलं, फोलेटची कमतरता मात्र क्वचितच. ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. आईच्या ताटाचा आणि मुलाच्या डीएनएवरच्या मेथिल खुणांचा संबंध असू शकतो, या कल्पनेला महाराष्ट्रातच असा आधार आहे. पण हा आधार रक्तातल्या जीवनसत्त्वांचा आहे. मेथिल खुणा स्वतंत्रपणे मोजाव्याच लागतात.

मोजणीची युक्ती सोडियम बायसल्फाइट या क्षारात आहे. १९९२ साली ऑस्ट्रेलियातल्या मॅरिअन फ्रॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती डीएनए वाचण्यासाठी वापरून दाखवली. डीएनएचे दोन धागे सुटे करून त्यांवर बायसल्फाइटची प्रक्रिया केली की उघड्या सीचं युरॅसिल होतं आणि पुढे प्रती काढताना ते टी म्हणून वाचलं जातं. मेथिल चिकटलेला सी मात्र या प्रक्रियेत टिकून राहतो आणि सी म्हणूनच वाचला जातो. म्हणजे जे अक्षर बदललं नाही, तिथं मेथिल होता. एक लहानसा तुकडा घेऊन पाहा:

```
मूळ तुकडा        : ACGTCACG
वाचलेला तुकडा    : ATGTTACG
```

पहिल्या सीजीतला सी टी झाला, म्हणजे ती जागा मेथिलविना होती. मधला सी, ज्याच्यापुढे ए आहे, तोही टी झाला, आणि ते अपेक्षितच होतं. शेवटच्या सीजीतला सी तसाच राहिला, म्हणजे तिथं मेथिल होता. एका रेणूपुरतं उत्तर असं 'आहे' किंवा 'नाही' इतकंच असतं. पण रक्ताच्या नमुन्यात लाखो पेशी असतात. एका जागेवरून वीस तुकडे वाचले आणि त्यातल्या दहांत सी दिसला, तर आपण त्या जागेचं मेथिलेशन पन्नास टक्के म्हणतो. हा आकडा किती ढिला आहे ते ध्यानात ठेवायला हवं: फक्त वीस वाचनांवरून काढलेल्या पन्नास टक्क्यांची प्रमाण त्रुटी सुमारे अकरा टक्के गुणांची असते.

प्रक्रिया पुरती झाली की नाही, हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यासाठी नमुन्यात लॅम्बडा नावाच्या विषाणूचा मेथिल नसलेला डीएनए थोडासा मिसळतात. त्यातला प्रत्येक सी टी व्हायलाच हवा. हजारात पाच शिल्लक राहिले तर रूपांतर ९९.५ टक्के झालं. आता समजा, दुष्काळगटाचे नमुने एका आठवड्यात तयार झाले आणि त्यांचं रूपांतर ९९.५ टक्के होतं, तुलनागटाचे नमुने दुसऱ्या आठवड्यात झाले आणि त्यांचं ९८ टक्के. तर ज्या जागी मेथिल जवळपास नाहीच, तिथं तुलनागटात दीड टक्का गुण जास्त मेथिलेशन दिसेल, आणि ते निव्वळ रसायनाचं असेल. अशी चूक ओळखायची खूण म्हणजे ती सगळ्या जीनोमभर एकाच दिशेनं दिसते आणि कमी मेथिल असलेल्या जागांवर जास्त दिसते. उपाय सोपा आहे, दोन्ही गटांचे नमुने प्रत्येक फेरीत मिसळून लावणं. तरीही हे राहून गेलं, तर नंतर कुठल्याही सांख्यिकीनं आठवडा आणि दुष्काळ वेगळे करता येत नाहीत.

दुसरी फसगत जन्मजात फरकाची. एखाद्याच्या डीएनएत त्या जागी मुळातच सीऐवजी टी असेल, तर बायसल्फाइटनंतर तो 'मेथिल नसलेला सी' वाटतो. इथं समोरचा धागा कामी येतो. मूळ अक्षर सी असेल, तर समोरच्या धाग्यावर जी असतो आणि बायसल्फाइट जीला हात लावत नाही. मूळ अक्षरच टी असेल, तर समोर ए असतो. दोन्ही धागे वाचले की उलगडा होतो. बीडमध्ये हे विशेष जपावं लागेल. लग्नं बहुधा आपापल्या समाजात होतात, मामाच्या मुलीशीही होतात, त्यामुळे एखादा जन्मजात फरक एका समाजात दाट आणि दुसऱ्यात विरळ असू शकतो. शिवाय पुष्कळ जागांचं मेथिलेशन शेजारच्या जन्मजात फरकावरूनच ठरतं. दुष्काळगटात एका समाजाची आणि तुलनागटात दुसऱ्या समाजाची माणसं जास्त आली, तर आपण भूक न मोजता वंशावळ मोजून बसू.

आता दोन गटांची तुलना. एक जागा, प्रत्येक गटात सहा माणसं, प्रत्येकाची वीस वाचनं, असा उदाहरणापुरता हिशेब मांडू. पहिल्या गटात वीसपैकी सी दिसलेली वाचनं ६, ७, ८, ११, १२, १६ आहेत, दुसऱ्यात ९, १०, १२, १४, १५, १८. सगळी वाचनं एकत्र केली तर १२०पैकी ६० आणि १२०पैकी ७८, म्हणजे ५० टक्के आणि ६५ टक्के. वाचनांना स्वतंत्र मानून कसोटी लावली, तर हा फरक केवळ योगायोगानं येण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी निघते आणि निष्कर्ष छापून मोकळं होता येतं. पण वाचनं स्वतंत्र नाहीत. एका माणसाची वीस वाचनं म्हणजे वीस माणसं नव्हेत. माणसामाणसांतली तफावत धरून सहा विरुद्ध सहा अशी तुलना केली, तर तीच शक्यता सुमारे सतरा टक्क्यांवर जाते, म्हणजे ठामपणे काहीच म्हणता येत नाही. म्हणून या क्षेत्रात वाचनांची अनिश्चितता आणि माणसांची तफावत दोन्ही एकदम धरणारं गणित, ज्याला बीटा-बायनोमियल म्हणतात, ते वापरतात. वाचनं वाढवून माणसांची कमतरता भरून निघत नाही.

त्यात जागा लाखो. दहा लाख जागा तपासल्या आणि पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर काहीही फरक नसताना पन्नास हजार जागा 'सापडतील'. याला दोन उत्तरं आहेत. एक, कसोटी कडक करणं. दुसरं जास्त अर्थपूर्ण आहे: एकेका जागेऐवजी पट्टा पाहणं. शेजारशेजारच्या सीपीजी जागांचं मेथिलेशन बहुधा एकत्र हलतं. काही शेकडा अक्षरांच्या अंतरात अनेक जागा एकाच दिशेनं वेगळ्या दिसल्या, तर त्या पट्ट्याला भिन्न मेथिलित प्रदेश, इंग्रजी आद्याक्षरांनी डीएमआर, म्हणतात. असा पट्टा खरा की योगायोग, हे ठरवायला गटांच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहतात, की नुसत्या सरमिसळीतून एवढा मोठा पट्टा किती वेळा निघतो.

इथं एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. दहा जागा एकाच दिशेनं हलल्या, चिठ्ठ्यांच्या कसोटीतूनही पट्टा टिकला, मग अजून शंका कसली? शंका योगायोगाची उरत नाही हे खरं. पण शेजाऱ्यांची एकवाक्यता फक्त योगायोगापासून वाचवते. चुकीच्या कारणापासून वाचवत नाही, कारण चुकीचं कारणही त्या दहाही जागांना एकाच दिशेनं ढकलतं. सगळ्यांत मोठं असं कारण रक्तातच बसलेलं आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अनेक जातींच्या असतात आणि प्रत्येक जातीचा मेथिल नकाशा वेगळा असतो. समजा, एखाद्या पट्ट्याचं मेथिलेशन न्यूट्रोफिल पेशींत ८० टक्के आणि लिम्फोसाइट पेशींत ३० टक्के आहे. पहिल्या गटाच्या रक्तात साठ टक्के न्यूट्रोफिल आणि चाळीस टक्के लिम्फोसाइट असतील, तर नमुन्याचं मेथिलेशन ६० टक्के येईल. दुसऱ्या गटात हेच प्रमाण सत्तर-तीस असेल, तर ६५ टक्के. एकाही पेशीतला एकही मेथिल गट बदलला नाही, तरी पाच टक्के गुणांचा स्वच्छ, अख्ख्या पट्ट्यावर सारखा असा फरक दिसला. नुसता ताप, पिकलेली जखम, सिगारेट यांनीही न्यूट्रोफिलचं प्रमाण इतकं हलू शकतं. म्हणून रक्त घेताना त्याच दिवशी पेशींची मोजणी करणं, किंवा पेशींच्या जाती वेगळ्या करून मगच डीएनए काढणं, ही चैन समजू नये. त्याविना निघालेला डीएमआर म्हणजे महागड्या यंत्रानं केलेली पांढऱ्या पेशींची मोजणी असू शकते.

हे पाच टक्के गुण लहान वाटत असतील तर खऱ्या दुष्काळ-अभ्यासात किती मोठा फरक सापडला ते पाहावं. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नपुरवठा रोखल्यामुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात उपासमार झाली. माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींखाली गेला आणि काही काळ पाचशेच्या आसपास आला. त्या काळात गर्भ राहिलेल्या साठ माणसांचं रक्त, सुमारे सहा दशकांनंतर, लायडनचे बास हाइमन्स आणि कोलंबिया विद्यापीठाचे एल. एच. लुमी यांच्या गटानं तपासलं. तुलनेला त्यांचीच सख्खी, त्याच लिंगाची, उपासमार न भोगलेली भावंडं घेतली. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकाच्या एका पट्ट्यावर भावंडांचं मेथिलेशन सरासरी ५१.५ टक्के होतं, उपासमार भोगलेल्यांचं ४८.८. फरक २.७ टक्के गुणांचा. ही मोजणी बायसल्फाइट प्रक्रियेनंतर मास स्पेक्ट्रोमेट्रीनं केली होती. पुढे २०१४ साली त्याच गटानं २४ माणसं आणि त्यांची २४ भावंडं घेऊन बायसल्फाइट सिक्वेन्सिंगनं सुमारे बारा लाख सीपीजी जागा पाहिल्या आणि उपासमारीशी जोडलेले अनेक पट्टे शोधले. आयजीएफ-२च्या त्या पहिल्या, २००८च्या कामातली मला सर्वांत पटणारी गोष्ट २.७ हा आकडा नव्हे. उपासमार गरोदरपणाच्या अखेरीस भोगलेल्या गटात तो फरक दिसला नाही, ही आहे. पेशींचं प्रमाण किंवा रसायनाची फेरी यांना गर्भारपणाचा महिना कळत नाही. गर्भधारणेच्या वेळची भूक खूण सोडते आणि अखेरची सोडत नाही, हा वेळेचा आकार खोट्या कारणांतून निघणं अवघड असतं.

मग हेच बीडमध्ये करावं का? डच उपासमारीला सुरुवात होती, शेवट होता, शिध्याच्या नोंदी होत्या आणि जन्मतारखा पक्क्या होत्या. बहात्तरचा दुष्काळ तीन वर्षांवर पसरला होता. दुष्काळी कामांनी माणसं जगवली, त्यामुळे उपासमारीची तीव्रता गावागावांत आणि घराघरांत वेगळी राहिली. शिवाय पोटातली भूक आणि खडीवरचे कष्ट एकत्रच आले, ते वेगळे कसे करणार? सर्वांत मोठी अडचण शाळेच्या दाखल्यावर आहे. मराठवाड्यातल्या त्या पिढीतल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून आहे, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच लिहिली. ज्या अभ्यासाचा सारा जोर गर्भ कोणत्या महिन्यात राहिला यावर आहे, त्यात ही नोंद वापरली की वेळेचा आकारच पुसला जातो. आईच्या आठवणीतल्या सणांवरून, पोळ्याआधी की दिवाळीनंतर, दुष्काळी काम कोणत्या तळ्यावर चालू होतं यावरून महिना काढता येईल, पण त्या आया आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. आणि तुलनेला सख्खं भावंड लागेल, १९७०आधी किंवा पाऊस सुधारल्यावर जन्मलेलं. सख्ख्या भावंडानं समाज, घर आणि बरेचसे जन्मजात फरक सारखे होतात. वय मात्र सारखं होत नाही, आणि मेथिलेशन वयानुसार बदलतं. म्हणून भावंडं आधीची आणि नंतरची, दोन्ही हवीत.

माझ्या मते बीडला याहून चांगला प्रश्न आजच्या उसतोडीत आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेली जोडपी मार्च-एप्रिलमध्ये परततात. ऊसतळावरच्या पालात राहिलेला गर्भ आणि पावसाळ्यात गावात राहिलेला गर्भ, एकाच आईची दोन मुलं अशी, यांची तुलना करता येईल. आज जन्माच्या नोंदी आहेत आणि सोनोग्राफीही आहे. ऋतूनुसार तुलनेचा नमुना आफ्रिकेतल्या गांबियात उभा आहे. तिथं पावसाळ्यात गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये काही विशिष्ट पट्ट्यांचं मेथिलेशन कोरड्या ऋतूतल्यांपेक्षा जास्त आढळलं. गांबियात पावसाळा हाच उपासाचा काळ असतो, पण पालेभाज्याही तेव्हाच असतात, आणि आईच्या रक्तातली मेथिल पुरवणारी द्रव्यं त्या ऋतूत अधिक अनुकूल होती. म्हणजे जास्त मेथिल म्हणजे चांगलं पोषण आणि कमी म्हणजे वाईट, असा सरळ अर्थ लावता येत नाही. बीडमधल्या एखाद्या पट्ट्यावर उसतोडीच्या मुलांत मेथिलेशन कमी निघालं, तर 'नुकसान' हा शब्द वापरण्याआधी तो पट्टा कोणत्या जनुकाजवळ आहे आणि त्या जनुकाची हालचाल खरंच बदलली का, हे मोजावं लागेल.

आणखी एक आक्षेप उलट्या दिशेनं येतो: इतक्या अडथळ्यांतून २.७ टक्के गुणांचा फरक शोधून काय साधणार? त्या आकड्यावरून कुणाला साखर होईल हे सांगता येत नाही, हे मान्यच करायला हवं. दोन गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका माणसाची चाचणी म्हणून ते निरुपयोगी आहेत. शिवाय पन्नाशीत सापडलेली खूण रोगाचं कारण नसून परिणामही असू शकते. २०१७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात लंडनमधले भारतीय वंशाचे लोकही होते, लठ्ठपणाशी जोडलेल्या मेथिल फरकांपैकी बहुतेक लठ्ठपणाचा परिणाम निघाले. म्हणूनच बीडच्या अभ्यासात पन्नाशीच्या रक्तापेक्षा जन्माच्या वेळच्या नाळेचं रक्त जास्त बोलकं ठरेल, कारण तेव्हा साखरही नसते आणि तंबाखूही नसतो. नाळेच्या रक्तात लाल पेशींची केंद्रक असलेली कच्ची रूपंही असतात आणि त्यांचं मेथिलेशन वेगळं असतं, म्हणून पेशींची मोजणी तिथंही सुटत नाही. असा पट्टा नाळेत दिसला, त्याच मुलाच्या रक्तात पाचव्या-सहाव्या वर्षी टिकला, दुसऱ्या तालुक्यातल्या वेगळ्या भावंडांच्या जोड्यांत त्याच दिशेनं पुन्हा सापडला आणि तळावर गर्भ राहिलेल्यांत दिसून, तळावर फक्त अखेरचे महिने काढलेल्यांत दिसला नाही, तर तो ऊसतळावरच्या गर्भधारणेशी जोडायला हरकत नाही. त्यातला कष्टाचा वाटा किती आणि ताटाचा किती, हे मग आईच्या रक्तातलं बी-१२ आणि फोलेट त्याच महिन्यात मोजलं असेल तरच वेगळं काढता येईल.